शेवटचं ताट

मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की मेलबर्नमध्ये सुपरमार्केटच्या दारापासून पेट्रोल पंपापर्यंत जिकडेतिकडे शेवंती दिसायला लागते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याची काहिली असते आणि इथे झाडांची पानं गळत असतात. शेवंतीचा हंगाम नेमका तेव्हाच येतो, म्हणून मदर्स डेला आईला शेवंतीच द्यायची अशी इथली रीत. १९२४ साली सिडनीच्या जॅनेट हेडन यांनी एका आश्रमातल्या, कुणीही भेटायला न येणाऱ्या वृद्ध आयांसाठी भेटी गोळा केल्या. ऑस्ट्रेलियात या दिवशी भेट देण्याची पद्धत तिथून रुजली असं सांगतात.

फुलांइतकीच दुसरीही एक रीत इथे घरोघरी पाळतात. त्या सकाळी आईने उठायचं नाही. मुलं स्वयंपाकघरात खुडबुड करतात, टोस्ट भाजतात आणि ट्रे घेऊन तिच्या खोलीत जातात. त्या दिवशी घरात सगळ्यांत आधी आई खाते. या दिवसाचा बाजार कितीही वाढलेला असला, तरी ही एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि त्याचं कारण माझ्या कामात आहे.

मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तविभागात काम करते. सकाळी बारीक नळ्यांचे रॅक येतात, मशीन एकेका नळीतलं हिमोग्लोबिन आणि लाल पेशींचा आकार मोजतं, आणि काही शंका आली की मी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. लोह कमी पडलेल्या रक्तातल्या लाल पेशी लहान असतात, मधोमध फिकट, आणि त्यांच्यात काही पेन्सिलीसारख्या लांबट दिसतात. अशी काचपट्टी मी पहिल्यांदा पाहिली ती साताऱ्यात, शिकत असताना. ते रक्त माझ्या आईचं होतं.

आमचं घर आठ माणसांचं. आजी, आजोबा, बाबा, धाकटे काका, आम्ही दोघी बहिणी, भाऊ आणि आई. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांची ड्युटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची, त्यामुळे त्यांचा डबा कुठल्याही वेळी लागायचा. घर गरीब म्हणावं असं नव्हतं. धान्य गावाकडून यायचं, भाजी आठवडी बाजारातून. कुणी उपाशी झोपलं असं आमच्याकडे कधी घडलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं पोटभर जेवणाऱ्या घरातलं आहे.

मेथीच्या दोन जुड्या निवडल्या, धुतल्या, चिरल्या की परात भरून दिसतात. कढईत त्याच दहा मिनिटांत बसून जेमतेम तळ झाकतात. त्यातून आधी बाबांचा डबा भरायचा. मग आजोबांचं ताट, मग काका, मग आम्ही तिघं भावंडं, मग आजी. आई वाढत असायची. कुणाची भाकरी संपली की गरम भाकरी ताटात पडायची, भाजी हवी का हे न विचारता पडायची. सगळे उठले की ती कढई पुढ्यात ओढून भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायची. तिच्या वाट्याची भाजी ती एवढीच. बाकी चटणी, कांदा, आणि असलीच तर आदल्या रात्रीची आमटी.

मटकीच्या उसळीचंही तसंच. मोड आलेली मटकी आमच्या ताटात यायची, तिच्या वाटीत वरचा पातळ रस्सा. रविवारी पाऊण किलो मटण आणलं की त्यात बटाटे घालून ते आठ जणांना पुरवायचं. फोडी पुरुषांना आणि मुलांना, आजीला मऊ बघून दोन, आणि आईला रस्सा व एखादं हाड. आम्हाला वाटायचं तिला रस्साच आवडतो. ती तसं म्हणायचीही. घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी आईला ठाऊक होत्या, आणि तिच्या आवडी मात्र उरलेल्या पदार्थांशी तंतोतंत जुळायच्या.

यात कुणी दुष्ट नव्हतं. आजीही तिच्या तरुणपणी अशीच शेवटी जेवलेली. अचानक पाहुणा आला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुम्ही बसा, माझा आज उपास आहे." सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी हे तिचे उपास खरेच होते. पण काही उपास पंचांगात नसायचे. खऱ्या उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात लोह नावालाच.

आता हिशेब रक्ताच्या बाजूने मांडते, म्हणजे त्या कढईच्या तळाला इतकं महत्त्व का ते कळेल. माणसाच्या शरीरातून रोज साधारण एक मिलिग्रॅम लोह असंच निघून जातं. पाळी येणाऱ्या बाईचं त्याहून जास्त जातं, कारण दर दोन मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण एक मिलिग्रॅम लोह जातं. एका बाळंतपणात सगळं मिळून हजारेक मिलिग्रॅम लागतं. आईची तीन बाळंतपणं झालेली. हे सगळं भरून यायचं ते ताटातून. ज्वारीत, पालेभाजीत, कडधान्यात लोह असतं, पण ते शरीराला सहज उचलता येत नाही, त्यातला थोडाच भाग रक्तात पोचतो. मटणातलं लोह त्या मानाने बरंच जास्त शोषलं जातं, आणि नेमक्या त्याच फोडी आईपर्यंत पोचत नव्हत्या. त्यावर जेवण झालं की लगेच कपभर चहा, कारण दिवसात पहिल्यांदा टेकायची वेळ तीच. चहातली टॅनिन्स भाकरी-भाजीतलं लोह धरून ठेवतात, म्हणजे जे थोडं मिळायचं त्यातलंही निम्मंअधिक वाया.

एक दिवस भाजी कमी खाल्ली तर काही होत नाही. रोज थोडं कमी, वीस वर्षं कमी, असं झालं की होतं. आणि ते इतकं सावकाश होतं की बाईला स्वतःलाही कळत नाही. शरीर जुळवून घेतं. हृदय जरा जोरात चालतं, माणूस जरा हळू चालतं.

खुणा सगळ्या आमच्या डोळ्यांसमोर होत्या. आई तांदूळ निवडायला बसली की मूठमूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. शेजारच्या काकू तिला हसायच्या, "लग्नात पाऊस पडणार म्हणतात गं!" लोह कमी पडलेल्या माणसाला असं न खाण्याजोगं खावंसं वाटतं, कुणाला कच्चे तांदूळ, कुणाला खडू, कुणाला भाजलेली माती, कुणाला बर्फ. हे का होतं ते अजून नीट उलगडलेलं नाही, पण लोह भरलं की ती ओढ बहुतेकदा आपोआप जाते. आईची जीभ तेव्हा गुळगुळीत झाली होती आणि तिखट लागलं की चरचरायची, म्हणून तिने ठेचा सोडला होता. बोटांची नखं मधोमध खोलगट झालेली. रात्री पडल्यावर पाय स्वस्थ राहायचे नाहीत, ती उठून घरभर फिरायची. गच्चीवर वाळवण घालायला जिना चढताना मधेच थांबून कपडे नीट करायची. दम लागलाय हे कुणाला दिसू नये म्हणून ती कपडे नीट करते, हे मला पुढे तिनेच सांगितलं. आणि हे सगळं सांभाळून दुपारी ती साड्यांना फॉल-पिको करत होती. माझ्या कोर्सची फी त्या पैशांतून भरली गेली.

मी डीएमएलटी हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. सरावासाठी घरच्यांचं रक्त घ्यायची मुभा असायची. बाबांनी हात मागे घेतला, काका घरात नव्हते, आईने हात पुढे केला. हिमोग्लोबिन आलं ७.६. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या प्रौढ बाईचं ते किमान १२ हवं. मला वाटलं मशीनचं काहीतरी बिनसलं, म्हणून पुन्हा लावलं. ७.५. लाल पेशींचा सरासरी आकार ६४, म्हणजे ८० च्या नेहमीच्या खालच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी. सरांनी काचपट्टी पाहिली आणि विचारलं, "पेशंट चालत आलाय का?" मी म्हटलं, "सर, पेशंट घरी भाकऱ्या करतोय."

पुढची तपासणी फेरिटिनची. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ, तर फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. घरात आधी कणगी रिकामी होते, डबा मात्र बरेच दिवस भरलेला दिसत राहतो. आईचं फेरिटिन ४ आलं.

आम्ही एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बाबांना बाहेर बसवलं आणि आईला साधे प्रश्न विचारले. किती दिवस जातं? गाठी पडतात का? रात्री उठून बदलावं लागतं का? आईने सगळ्याला हो म्हटलं, खाली बघत. "किती वर्षं?" "धाकटा झाल्यापासून." सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. म्हणजे एका बाजूने ताटात कमी येत होतं आणि दुसऱ्या बाजूने दर महिन्याला भरमसाट जात होतं. पाळी सगळ्यांनाच येते, त्यात काय सांगायचं, असं तिला वाटत होतं. दवाखान्याचा खर्च तिने कुटुंबाच्या यादीत स्वतःच्या नावाने कधी मांडलाच नव्हता.

रक्तस्राव आटोक्यात आणायला औषध मिळालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सांगायला सोपं वाटतं, पण या गोळ्या मधेच सोडणाऱ्या बायका कमी नाहीत. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं, मळमळतं. काळं होणं अपेक्षितच असतं हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाई घाबरून पाकीट बाजूला ठेवते. आईला डॉक्टरीणबाईंनी गोळी सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली होती, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा त्यानंतर तासाभराने तरी. आईला सगळ्यात अवघड गेलं ते चहा लांबवणं. मळमळ वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळी एक दिवसाआड केली. आताच्या अभ्यासांत असंही दिसलंय की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह दर गोळीमागे जास्त शोषलं जातं, कारण रोजच्या मात्रेने शरीर स्वतःच दार थोडं लावून घेतं.

महिन्याने हिमोग्लोबिन ९.४ झालं. तीन महिन्यांनी ११.८. कच्चे तांदूळ पहिल्या काही आठवड्यांतच सुटले होते. मग आईने गोळ्या थांबवल्या. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, मला आता बरं वाटतंय. उरलेल्या ताईला ठेवल्यात, ती अशक्त दिसते." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. स्वतःच्या औषधातलंही शेवटचं पाकीट तिने मुलीसाठी बाजूला काढलं होतं. त्या वेळी तिचं फेरिटिन होतं ९. डब्यात पीठ आलं होतं, कणगी रिकामीच होती, आणि अर्ध्या वर्षात हिमोग्लोबिन पुन्हा १०.१ वर आलं. म्हणूनच हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही आणखी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात. दुसऱ्या खेपेला बाबांनी गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या ड्युटीच्या बॅगेत ठेवलं आणि ते आठवणीने काढून द्यायला लागले.

बाबांबद्दल हे लिहायलाच हवं. रिपोर्टचा अर्थ मी त्यांना समजावला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच बदल केला. भाजी झाली की डबा भरण्याआधी ते एक वाटी काढून वर फळीवर ठेवायचे. ती वाटी आईची. पाहुणा आला तरी त्या वाटीला हात लावायचा नाही. आजी सुरुवातीला कुरकुरली, मग तिनेच आईला "तुझी वाटी घे गं" म्हणायला सुरुवात केली. "तू पण नीट जेव" असं आईला आम्ही आधीही शंभरदा म्हणालो होतो. त्याने काही होत नसतं, कारण भाजी संपल्यावर नीट जेवायचं कशाशी? वाटी आधी निघाली तेव्हाच फरक पडला.

मेलबर्नला आल्यावर मला दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. इथे हिमोग्लोबिन डेसिलिटरऐवजी लिटरमागे मोजतात, त्यामुळे आईचं ७.६ इथल्या रिपोर्टवर ७६ छापलं गेलं असतं. आणि इथे प्रौढ माणसाचं फेरिटिन ३० च्या खाली आलं की लोहाची कमतरता धरतात. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर खालची मर्यादा याहून पुष्कळ कमी छापलेली असते. त्यामुळे १४ आलेलं फेरिटिनही ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतं आणि थकलेली बाई रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवते. उलटंही होतं. ताप, संसर्ग किंवा अंगात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवू नये. शिवाय लाल पेशी लहान दिसल्या म्हणजे लोहच कमी असं नाही. थॅलेसेमिया मायनर हा रक्तातला आनुवंशिक दोष असलेल्या माणसाच्या पेशीही लहानच असतात. फेरिटिन चांगलं असूनही पेशी लहान असतील तर HbA2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी करून घ्यावी, नाहीतर वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन हाती काही लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक आढळल्या. सगळ्यांचं कारण शेवटचं ताट नसतं. पण हा आकडा वाचला की मला आकडा दिसत नाही, साताऱ्यातली ती कढई दिसते.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा इथे राहायला आले होते. पहिल्या रात्री आम्ही चौघं जेवायला बसणार, तर आई ओट्याशी उभी. "तुम्ही घ्या, मी गरम पोळ्या देते." माझ्या नवऱ्याने गॅस बंद केला, तवा सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाला, "आई, आज गार पोळ्या खाऊ सगळे." ती बसली, पण पाटाला काटे असल्यासारखी, दर दोन मिनिटांनी उठायला बघायची. सवय चाळीस वर्षांची आहे. ती आमच्या शब्दाने जायची नाही हे मला कळलंय, आणि जेवणाची मांडणी अशी ठेवायची की तिला उठायचं कारणच उरू नये, हे बाबांकडून शिकलेय. पोळ्या आधी करून डब्यात, भाजी टेबलावर, पाणी टेबलावर, मीठ-लिंबू टेबलावर.

हे लिहिण्याआधी मी आईला फोन केला. इथे दुपार होती, तिथे सकाळ. कशावर लिहितेय ते ऐकल्यावर ती आधी नको म्हणाली. "लोक म्हणतील घरात खायला नव्हतं." मी म्हटलं, "आई, खायला होतं म्हणूनच लिहायचंय." मग थोडं थांबून म्हणाली, "लिही. पण तुझ्या बाबांना वाईट वाटेल असं लिहू नकोस. आणि आजींनाही दोष देऊ नकोस, त्यांचं तर कुणी रक्तसुद्धा तपासलं नव्हतं." आजी जाऊन बरीच वर्षं झाली. आईच्या लग्नानंतरची सगळी वर्षं आजी पायांत गोळे येण्याबद्दल आणि चक्करबद्दल बोलायची आणि आम्ही ते म्हातारपण समजायचो. हे आईने माझ्याआधी जोडून पाहिलं होतं.

आई आता ६१ वर्षांची आहे. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आक्रसली. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ४४. तरीही वर्षातून एकदा तपासणी मी सोडू देत नाही, कारण पाळी थांबल्यावर जर लोह पुन्हा उतरायला लागलं तर त्याचं कारण पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त जातंय का हे शोधावं लागतं. तेव्हा नुसत्या गोळ्या देऊन गप्प बसणं धोक्याचं असतं.

फोन ठेवता ठेवता तिने सांगितलं की सोमवारी ती वाईला जातेय. धाकट्या मावशीची जीभ हल्ली चरचरते, ठेचा खाववत नाही, आणि परवा ती तांदूळ निवडताना चघळत होती. आईने लॅबमध्ये विचारून ठेवलंय. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करायचं आहे, आणि पैसे आई स्वतःच्या फॉल-पिकोच्या डब्यातून देणार आहे.